तिकिटावरचे नाव, पासपोर्टवरचे नाव

आमच्या शाळेच्या हजेरीपटात नावे आडनावापासून सुरू होतात. आधी आडनाव, मग मुलाचे नाव, शेवटी वडिलांचे. घरात मात्र आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सांगतो. लग्नानंतर बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते. या तिन्ही तऱ्हा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत, म्हणून कुणाचे काही अडत नाही. परदेशी जाणाऱ्या विमानाचे तिकीट काढताना मात्र अडते.

मागच्या वर्षी आमच्या खाला आणि खालू उमऱ्याला निघाले होते. तिकिटे त्यांच्या मुलाने मोबाइलवरून काढली. निघायला बारा दिवस उरले असताना आम्ही भेटायला गेलो. चहा होईपर्यंत सवयीप्रमाणे तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहू लागलो. खालूंचे सगळे बरोबर होते. खालांचे नव्हते. खरी नावे इथे देत नाही. समजण्यासाठी दुसरी नावे घेऊ.

खालूंच्या पासपोर्टवर Surname या ओळीत SHAIKH आहे आणि Given Name(s) या ओळीत SALIM IBRAHIM. म्हणजे अर्ज करताना त्यांनी वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून लिहिले होते. महाराष्ट्रात पुष्कळ लोक तसेच लिहितात. खालांच्या पासपोर्टवर आडनाव तेच, SHAIKH. पण Given Name(s) मध्ये फक्त RUKHSANA BANO. त्यांच्या वडिलांचे आणि नवऱ्याचे नाव शेवटच्या पानावर, त्यांच्यासाठी असलेल्या वेगळ्या ओळींत होते.

मुलाने तिकीट काढताना समोर ठेवले होते आधार कार्ड. त्यावर अम्मीचे नाव रुखसाना सलीम शेख असे होते. त्याने पहिल्या रकान्यात RUKHSANA, मधल्या रकान्यात SALIM आणि शेवटच्या रकान्यात SHAIKH भरले. त्यामुळे पासपोर्टवर असलेले BANO तिकिटावरून गळले आणि पासपोर्टच्या नावात नसलेले SALIM तिकिटावर आले.

मुलगा म्हणाला, "भाईजान, शेवटच्या पानावर अब्बांचे नाव आहे ना! मग चुकले कुठे?"

चूक नेमकी इथेच होते. तिकिटासाठी पाहायचे ते फोटो असलेले पान. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव त्या पानावरच्या Given Name(s) मध्ये असेल, तरच ते तिकिटात घालायचे. केवळ शेवटच्या पानावर असेल तर घालायचे नाही. म्हणून एकाच घरात नवऱ्याच्या तिकिटावर वडिलांचे नाव येईल आणि बायकोच्या तिकिटावर येणार नाही, आणि तरी दोन्ही बरोबर असतील.

कुणाला अजून शंका असेल, तर फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यातली पहिली पाहावी. खालांची अशी होती:

```
P<INDSHAIKH<<RUKHSANA<BANO<<<<<<<<<<<<<<<<<<
```

सुरुवातीचे P म्हणजे पासपोर्ट, IND म्हणजे भारत. त्यानंतर आडनाव. मग दोन बाणखुणा, आणि त्यांच्या पुढे बाकीचे नाव. दोन शब्दांमध्ये एकच बाणखूण. विमानतळावर काउंटरवरचे यंत्र हीच ओळ वाचते आणि त्यातून निघणारे नाव तिकिटाच्या नावाशी जुळवले जाते. शेवटचे पान तिथे कुणी उघडत नाही.

आता रकाने कसे भरायचे ते पाहू. आडनावाच्या रकान्यात Surname जसेच्या तसे. उरलेले सगळे, म्हणजे Given Name(s) मधला प्रत्येक शब्द, त्याच क्रमाने पहिल्या रकान्यात. मधल्या नावाचा वेगळा रकाना असेल तर दुसरा शब्द तिथे लिहिला तरी चालते, कारण बहुतेक ठिकाणी तिकिटावर ते दोन्ही शब्द जोडूनच छापले जातात. मधला रकाना दिसला की तिथे वडिलांचे नाव हवेच, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. तो रिकामा राहिला तरी बिघडत नाही.

तिकीट हाती आल्यावर ते असे दिसते: SHAIKH/RUKHSANABANO MRS. आडनाव आधी, अगदी आमच्या हजेरीपटासारखे. दोन शब्द चिकटलेले पाहून घाबरू नये. तिकिटाच्या यंत्रणेत मधली जागा सहसा गळते. कधी MR किंवा MRS सुद्धा नावाला चिकटून येते. ती चूक नव्हे. चूक कोणती, तर एखादा शब्द कमी असणे, जास्त असणे, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल होणे किंवा अक्षरे वेगळी असणे. आपल्याकडे हे शेवटचे फार होते. पासपोर्टवर MOHAMMED असेल तर तिकिटावर MD चालवू नये, MOHAMMAD सुद्धा नको. SHAIKH आणि SHEIKH आपल्या कानाला एकच वाटतात; यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

ज्यांच्या पासपोर्टवर एकच शब्द आहे आणि दुसरी ओळ कोरी आहे, त्यांनी आणखी जपावे. आपल्या समाजात असे पासपोर्ट कमी नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर अशा एकेरी नावाच्या प्रवाशांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पुढे खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते मान्य होईल. शेवटच्या पानाला महत्त्व आले ते असे, पण प्रवेशापुरते. तिकिटावर एकेरी नाव कसे भरायचे, याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. कुणी तेच नाव दोन्ही रकान्यांत लिहायला सांगते, कुणी दुसऱ्या रकान्यासाठी ठरावीक अक्षरे देते. म्हणून पैसे भरण्याआधी त्या कंपनीलाच विचारावे.

खालांच्या तिकिटाचे पुढे काय झाले? एजंटमार्फत कंपनीला पासपोर्टची प्रत पाठवली. त्यांचे म्हणणे असे, की एखादे अक्षर चुकले असते तर लगेच दुरुस्त केले असते. पण इथे एक शब्द जाऊन दुसरा आला आहे, म्हणजे तिकीट दुसऱ्याच माणसाच्या नावे केल्यासारखे होते. व्हिसा, पासपोर्ट आणि नवऱ्याचे तिकीट दाखवल्यावर चौथ्या दिवशी ते मानले, पण शुल्क घेऊन. चार दिवस खालांच्या घशाखाली घास उतरला नाही. "बेटा, मी एकटीच मागे राहिले तर?" एवढेच त्या विचारत होत्या.

हे शुल्क वाचले असते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटात त्याच माणसाच्या नावाची चूक २४ तासांच्या आत दाखवून दिली, तर दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. एजंटकडून तिकीट काढले असेल तर त्यालाही त्याच दिवशी सांगावे. उशीर होईल तसा खर्च वाढतो.

तेव्हा तिकीट आले की त्याच संध्याकाळी घरातल्या दोघांनी बसावे. एकाने पासपोर्टच्या तळाची ओळ अक्षर अक्षर वाचावी, दुसऱ्याने तिकिटावर बोट ठेवून जुळवावी. आधार कार्ड कपाटातच राहू द्यावे. खालांच्या घरी आता हे काम त्यांची सातवीतली नात करते, आणि तिच्या बोटाखालून अजून एकही अक्षर सुटलेले नाही.