सोसायटीची नोटीस : विषयाचं शेवटचं क्रियापद वाचा

सप्टेंबर आला की विकास सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सहा महिन्यांच्या आत सभा घ्यावी लागते, म्हणून सगळ्या सभा याच महिन्यात. नोटीस ग्रुपवर पडली की कुणीतरी खाली सारांश टाकतो : "सभा अमुक तारखेला, लाभांश ६ टक्के, जेवण आहे." माझं म्हणणं, हा सारांश नव्हे, हे आमंत्रण झालं. सारांशात तीन गोष्टी पाहिजेत : विषय कोणते, मत कुणाला, आणि ठरवायचं काय.

आमच्या नोटिशीत यंदा अकरा विषय आहेत. अकराही सारख्या वजनाचे नाहीत. ओळखायची खूण म्हणजे वाक्याचं शेवटचं क्रियापद. मागील सभेचं इतिवृत्त "वाचून कायम करणे", लेखापरीक्षण अहवालाची "नोंद घेणे", दोष दुरुस्ती अहवाल "वाचणे", हे ऐकून प्रश्न विचारायचे विषय. "मंजुरी देणे", "नेमणूक करणे", "मर्यादा ठरवणे" असं आलं की तिथं ठराव होणार आणि हात वर करावा लागणार. या चाळणीतून अकरापैकी चारच विषय उरले : नफा वाटणी, बाहेरील कर्ज उभारणीची मर्यादा, लेखापरीक्षकाची नेमणूक आणि उपविधी दुरुस्ती.

नफा वाटणीचा विषय नोटिशीत एका ओळीत असतो, आकडे अहवालाच्या मागच्या पानावर. सोपे आकडे घेऊन बघू. समजा निव्वळ नफा ४ लाख आणि भाग भांडवल २० लाख. नफ्याचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे १ लाख, राखीव निधीला कायद्यानंच जातो, त्यावर मत नाही. राहिले ३ लाख. संचालक मंडळानं ६ टक्के लाभांश सुचवला, तर त्याला १ लाख २० हजार लागतात. ज्याचे १० हजारांचे भाग आहेत त्याला ६०० रुपये. उरलेले १ लाख ८० हजार इमारत निधी आणि इतर निधींना. म्हणजे खरा प्रश्न ६०० रुपयांचा नाही. इमारतीचं अंदाजपत्रक कुठंय, हा आहे. सारांशात हे एक वाक्य आलं तर सभेत लोक नेमकं विचारतील.

कर्ज उभारणीची मर्यादा म्हणजे सोसायटीनं जिल्हा बँकेकडून वगैरे जास्तीत जास्त किती पैसा उचलायचा. कमी ठेवली तर खरिपाचं पीक कर्ज अडतं, वाढवली तर वसुलीचा भार वाढतो. गेल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहा, मगच अर्थ लागतो. लेखापरीक्षकाच्या विषयात नाव आणि फी लिहा. उपविधी दुरुस्तीत जुनं कलम आणि नवं कलम समोरासमोर ठेवा, कारण तिथं साधं बहुमत चालत नाही. मतदान करणाऱ्या हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश लागतात आणि निबंधकांनी नोंदल्याशिवाय ती दुरुस्ती लागू होत नाही.

आता मताचं. भाग एक असो की शंभर, मत एकच. घरच्या पोराला चिठ्ठी देऊन पाठवलं तर ते मत धरत नाहीत, सभासदानं स्वतः जावं लागतं. नाममात्र सभासदाला मत नाही. कर्ज थकवलेल्यालाही थकबाकीदार असेपर्यंत नाही. म्हणून बाकी आहे की नाही ते सभेआधीच सचिवाकडं बघून घ्या, दारात वाद नको. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं जादा मत निकाल लावतं.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. ही टीप सारांशात सगळ्यात वर घ्या असं मी म्हणतो. तिचा अर्थ असा की आपण घरी बसलो म्हणून ठराव थांबत नाही, पंधरा जणांत मंजूर होतो. मात्र त्या सभेत नोटिशीतले तेच विषय घ्यायचे असतात.

आणि शेवटचा विषय, "ऐनवेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने". इथं कुणी खरेदी, जागा, कर्जमाफी असला पैशाचा ठराव मांडला तर उभं राहून म्हणायचं, हे नोटिशीत नव्हतं, पुढच्या सभेला घ्या, आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहा. प्रश्न लेखी द्यायचे असतील तर त्याची मुदत नोटिशीतच असते. सभेच्या किती दिवस आधी ते आजच बघा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.