बसमधला मेलेला चार्जिंग पॉइंट आणि सहाशे रुपयांची तक्रार



लांब पल्ल्याच्या खासगी बसमधला चार्जिंग पॉइंट चालत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो, पण ती बसच्या दाराशीच संपते. कंडक्टर म्हणतो, "फौजी भाई, अभी देखता हूँ," आणि आपण उतरून पुढची गाडी पकडतो. माझं मत असं की ही तक्रार लिहूनच करावी. ती मोजकी असावी, आणि तिच्यात दुरुस्ती आणि पैसे या दोन्ही मागण्या असाव्यात. गेल्या वर्षभरात जम्मू ते दिल्ली या मार्गावर एकाच कंपनीच्या बसने मी तीनदा रात्रीचा प्रवास केला आणि तिन्ही वेळा पॉइंट बंद होते. शेवटी मी पत्र लिहिलं. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण तुमच्या मार्गावरची कंपनी वेगळी असेल, पण पॉइंट तसाच मेलेला असेल.

"एक रात्र फोन नसला तर काय बिघडतं?" असं विचारणारे असतात. सुट्टीवर निघालेल्या जवानाचा हिशोब वेगळा असतो. ठाण्यावरून खाली यायलाच एक-दोन दिवस जातात, आणि पॉवर बँक तिथेच रिकामी होते. जम्मूहून बसने पहाटे दिल्ली, मग निजामुद्दीनहून दुपारची गोवा एक्स्प्रेस आणि दुसऱ्या दिवशी सातारा. रेल्वेचं तिकीट, डब्याचा नंबर, घरच्यांचे नंबर, सगळं फोनमध्ये. दुसऱ्या फेरीच्या वेळी वडिलांना रात्री पुण्याच्या लष्करी रुग्णालयात हलवत होते. त्यांच्या डिपेंडंट कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता आणि फोन साडेबाराला बंद पडला. धाकट्या भावाने रात्रभरात चौदा वेळा फोन लावला. सकाळी दिल्लीत चहाच्या टपरीवर फोन चार्ज केला, फोटो पाठवला, काम झालं. पण ती रात्र घरच्यांनी कशी काढली, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

आता पॉइंट मरतो कसा, ते पाहू. हे माहीत असेल तर तक्रारीला वजन येतं. मोठ्या बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टचा पुरवठा असतो. फोनला लागतात 5 व्होल्ट. म्हणून बर्थजवळच्या यूएसबी पॉइंटच्या मागे व्होल्टेज उतरवणारं एक छोटं सर्किट असतं. बऱ्याच पॉइंटना मिळून एक वायर आणि एक फ्यूज असतो, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरजवळ त्याचा स्विचही असतो.

बिघाड कुठे आहे, ते बर्थवर बसल्या बसल्या कळू शकतं. आपल्या बाजूचे सगळेच पॉइंट बंद असतील तर फ्यूज उडालेला असतो किंवा स्विच बंद असतो. फक्त आपलाच बंद असेल तर त्याचं सर्किट जळालेलं असतं. दिवा लागतो पण केबल सैल बसते आणि गाडी हलली की चार्जिंग तुटतं, तेव्हा आतले पत्रे झिजलेले असतात. माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत बस एकच होती, नंबर जुळवून पाहिला. दोन्ही वेळा डाव्या बाजूचे सगळे पॉइंट बंद होते आणि उजव्या बाजूचे चालू. म्हणजे मधल्या चार महिन्यांत कोणी फ्यूजसुद्धा पाहिला नव्हता. तिसऱ्या फेरीत बस दुसरी होती, तिथे केबल टिकतच नव्हती.

ड्रायव्हरचं नेहमीचं उत्तर असतं, "बैटरी बैठ जाती है, इसलिए बंद रखते हैं." ढाब्यावर इंजिन बंद करून गाडी उभी असेल तेव्हा हे मान्य. पण चालत्या गाडीत हिशोब करून पाहा. छत्तीस बर्थ, प्रत्येक फोनला 10 वॅट धरले तरी एकूण 360 वॅट. 24 व्होल्टवर हे झाले 15 अँपियर, गळती धरून अठरा म्हणा. एसी बसच्या अल्टरनेटरची क्षमता साधारण शंभर अँपियर किंवा त्याहून जास्त असते. एसीचे पंखे रात्रभर फिरू शकतात, तर फोनही चार्ज होऊ शकतात.

मग दुरुस्ती का होत नाही? टायर, ब्रेक, एसी बिघडला तर गाडी थांबते, प्रवासी ओरडतात, म्हणून डेपोत ते तपासलं जातं. पॉइंट बंद असला तरी गाडी दिल्लीला पोहोचतेच. त्यामुळे तो कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो. तो यादीत यायचा असेल तर कंपनीच्या कागदावर बस नंबर आणि बर्थ नंबरासकट त्याची नोंद व्हायला हवी, आणि त्यापायी थोडे पैसेही जायला हवेत. म्हणून परताव्याची मागणी. ती सूड म्हणून नाही.

परतावा किती मागावा, यावर आमच्या बॅरकमध्ये बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, पूर्ण तिकीट मागा. मला ते पटलं नाही. बसने मला दिल्लीला वेळेवर पोहोचवलं, बर्थ दिला, एसी दिला. जे दिलं नाही त्याचेच पैसे मागायचे. त्याच कंपनीची चार्जिंग नसलेली स्लीपर 1,200 रुपयांना होती, मी 1,400 भरले. फरक 200, तीन फेऱ्यांचे 600. या आकड्यावर कंपनीला वाद घालता येत नाही, कारण दोन्ही भाव तिनेच लावलेले आहेत.

मूळ पत्र हिंदीत होतं. मराठीत असं:

"मा. व्यवस्थापक, प्रवासी तक्रार विभाग यांस,

विषय: जम्मू–दिल्ली स्लीपर बसमधील बंद चार्जिंग पॉइंट, दुरुस्ती आणि 600 रुपये परताव्याबाबत.

महोदय, सोबत जोडलेल्या तिकिटांनुसार मी आपल्या बसने तीन वेळा प्रवास केला. बुकिंगच्या वेळी प्रत्येक बर्थला चार्जिंग पॉइंट असल्याचे दाखवले होते, त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. पहिल्या दोन प्रवासांत एकाच बसमधील डाव्या बाजूचे सर्व पॉइंट बंद होते. तिसऱ्या प्रवासात माझ्या बर्थच्या पॉइंटमध्ये केबल टिकत नव्हती. बस नंबर, बर्थ नंबर, तारखा आणि व्हिडिओ सोबत आहेत. प्रत्येक वेळी कंडक्टरला सांगितले, दुरुस्ती झाली नाही.

माझ्या मागण्या दोन. पहिली, पहिल्या बसच्या डाव्या बाजूचा फ्यूज आणि वायरिंग तपासून, दुसऱ्या बसमधील झिजलेला पॉइंट बदलून, दुरुस्तीची तारीख मला लेखी कळवावी. दुसरी, चार्जिंग नसलेल्या आपल्याच बसच्या भाड्यातील फरक, प्रत्येकी 200 याप्रमाणे 600 रुपये, ज्या खात्यातून तिकीट काढले त्याच खात्यात जमा करावेत. कूपन नको. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन."

पत्रात राग नाही, कारण त्याची गरज नाही. पुरावा मात्र हवा. बुकिंग करतानाच सोयींच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर ती यादी बदलू शकते. बसमध्ये चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, फोनमध्ये चार्ज असतानाच, पॉइंट तपासा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. शेजाऱ्याच्या पॉवर बँकवर तीच केबल चालते, हेही त्यात दाखवा, म्हणजे "तुमची केबल खराब" हे उत्तर बाद होतं. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट: पत्रावर हुद्दा, युनिट, ठाण्याचा पत्ता काहीही लिहू नका. ही तक्रार प्रवासी म्हणून आहे. घरचा पत्ता द्या.

कायद्याचं बळ किती, तेही सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पैसे घेऊन कबूल केलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी आहे. "ती मोफत सोय आहे" हे कंपनीचं म्हणणं लंगडं पडतं, कारण ती सोय दाखवूनच तिकीट विकलेलं असतं. फौजींच्या फारच उपयोगाची तरतूद म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे जम्मूच्या बसची तक्रार साताऱ्यात चालू शकते. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे पुढच्या सुट्टीपर्यंत थांबता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधीची पायरी म्हणजे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कंपनीला विचारणा करते, पण निकाल देत नाही, एवढी तिची मर्यादा लक्षात ठेवा.

माझ्या पत्राला चौथ्या दिवशी ठरावीक उत्तर आलं: "असुविधेबद्दल खेद आहे", आणि सोबत शंभर रुपयांचं कूपन, मुदत दोन महिने. मला पुढची सुट्टी सहा महिन्यांनी. मी कूपन नाकारलं आणि तेच पत्र पुन्हा पाठवून 1915 वर नोंद केली. एकोणिसाव्या दिवशी 600 रुपये खात्यात आले. दुरुस्तीबद्दल मात्र एक ओळही नाही.

इथेच बहुतेकजण थांबतात, आणि कंपनीलाही तेच हवं असतं. पैसे मिळाले की माणूस गप्प बसतो आणि फ्यूज तसाच राहतो. पुढच्या महिन्यात त्याच डाव्या बाजूच्या बर्थवर दुसरा कोणी जवान, नाहीतर बाळंतपणाला निघालेली कोणाची बहीण असेल. म्हणून मी हेल्पलाइनवरची नोंद बंद करू दिलेली नाही. तिच्यात एवढंच लिहिलंय: परतावा मिळाला, दुरुस्तीची तारीख बाकी.

या मार्गाने जाणारे कोणी असाल तर डाव्या बाजूचा बर्थ मिळाल्यावर पॉइंट तपासा आणि खाली कळवा. बस नंबर मी खासगीत देईन. चालू झाला असेल तर तेही कळवा, म्हणजे नोंद बंद करता येईल.

जय हिंद.