पाण्याची पाटी वेगळी, थकबाकीची पाटी वेगळी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका सकाळी पाच चित्रे ओळीने आली. हल्ली कागदी सूचनेऐवजी अशा एकापाठोपाठ सरकवावयाच्या रंगीत पाट्या पाठविण्याची पद्धत पडली आहे. पहिल्या पाटीवर ठळक लाल अक्षरांत ‘पाणी बंद’ असे होते. दुसरीवर ‘थकबाकीदार सदनिका’ म्हणून सात क्रमांक होते. उरलेल्या तीन पाट्यांवर वाहने, पादत्राणे आणि कचरा यांविषयीचे नियम होते.

तासाभरात तिसऱ्या मजल्यावरील कापडाचे व्यापारी असलेले शेठजी माझ्या दाराशी उभे राहिले. त्या सात क्रमांकांत त्यांच्या सदनिकेचा क्रमांक होता. ते म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षे पेढीवर बसलो. उधारीची वही कधी तिसऱ्या माणसासमोर उघडली नाही. माझे पैसे जाऊन महिना झाला, आणि आता माझे पाणी तोडणार?”

दोन्ही पाट्या एकामागून एक वाचल्यामुळे पाणी थकबाकीसाठीच बंद होणार, असा त्यांचा समज झाला होता. वस्तुतः महानगरपालिका जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पुरवठा थांबविणार होती. शेठजींनी मोबाइलवर दाखविलेल्या नोंदीनुसार पैसेही खरोखरच गेले होते. त्यांच्या मुलाने दुकानाच्या खात्यावरून रक्कम पाठविली होती, परंतु तपशिलाच्या रकान्यात सदनिका क्रमांक लिहिला नव्हता. सोसायटीच्या हिशेबनिसाने ती रक्कम उचंत खात्यात ठेवली आणि तिचा धनी कोण, हे शोधण्याआधीच यादी तयार केली. बँकेत आयुष्य गेलेल्या मला ही चूक नवी नव्हती. उचंत खाते मोकळे झाल्याशिवाय कोणासही थकबाकीदार म्हणू नये, हा आमच्याकडील पहिला धडा असे.

त्या सायंकाळी सचिवांनी मला बोलावले आणि आम्ही दोघांनी त्या पाट्या नव्याने लिहिल्या. ते काम येथे सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकजण आपापल्या सोसायटीच्या समितीवर असतील.

आरंभी आम्ही पाण्याचा हिशेब मांडला. आमच्या ४८ सदनिका आहेत. प्रत्येक घरी चार माणसे धरली तर १९२ होतात. माणशी रोजचे १३५ लिटर हे नगर पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण लावले की दिवसाची गरज सुमारे २६ हजार लिटर येते. जमिनीखालची टाकी २० हजारांची आणि गच्चीवरची १२ हजारांची, म्हणजे भरलेला साठा ३२ हजार लिटर. अग्निशमनाची टाकी या हिशेबात धरावयाची नसते. वरवर पाहता चोवीस तास सहज निभावतील. परंतु दुरुस्तीनंतर पाणी कमी दाबाने येते आणि टाकी भरण्यास अर्धा दिवस लागतो. म्हणून छत्तीस तासांची गरज धरावी लागते. ती ३९ हजार लिटर होते, म्हणजे ७ हजारांची तूट येते. ही तूट भरून काढण्यासाठी नळाच्या वेळा ठरविणे भाग होते.

सायंकाळची वेळ आधी सात ते आठ अशी ठरली होती. आमच्या इमारतीत चौविहार पाळणारी अनेक घरे आहेत. त्यांचा स्वयंपाक आणि भांडी सूर्यास्तापूर्वी आटोपतात. म्हणून ती वेळ साडेचार ते सहा अशी केली. पहिल्या पाटीचा मजकूर असा झाला:

“सप्रेम नमस्कार. जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे महानगरपालिकेचा पुरवठा गुरुवार, दि. १२ सकाळी १० पासून शुक्रवार, दि. १३ सकाळी १० पर्यंत बंद राहील. या काळात आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत आपल्या नळांना सकाळी ६ ते ८ व सायंकाळी ४.३० ते ६ पाणी मिळेल. शुक्रवारी सकाळची वेळ नेहमीप्रमाणेच पाळली जाईल.”

दुसरी पाटी काय करावे यासाठी ठेवली: “पिण्याचे पाणी बुधवारी रात्री भरून ठेवावे. नळ कोरडा असताना तोटी बंद असल्याची खात्री करावी. पुरवठा सुरू झाल्यावर आरंभीचे पाणी गढूळ असू शकते, ते पिण्यासाठी भरू नये. अडचण असल्यास पहारेकऱ्याच्या खोलीत कळवावे.” तोटीचे वाक्य मी आग्रहाने घातले. उघडी राहिलेली एक तोटी मिनिटाला दहा लिटर सोडते. घरात कोणी नसेल तर तासाला ६०० लिटर वाया जातात, म्हणजे चार माणसांच्या एका घराची दिवसभराची गरज.

‘उद्या’ आणि ‘आज रात्री’ हे शब्द आम्ही सर्वत्र काढले. पाटी पुढे पाठविली जाते आणि दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्यासाठी ‘उद्या’ बदललेला असतो. लोक पाचांपैकी एकच चित्र पुढे पाठवितात, म्हणून प्रत्येक पाटीवर सोसायटीचे नाव, दिनांक आणि ‘२ पैकी १’ असा क्रम घातला. मोबाइल न वापरणाऱ्या वृद्धांसाठी तोच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून उद्वाहनाजवळच्या फलकावर लावला.

थकबाकीची पाटी आम्ही चार दिवसांनंतर, पाण्याचा प्रश्न मिटल्यावर पाठविली. तिच्यात एकही क्रमांक नव्हता: “या तिमाहीचे देयक भरण्याची मुदत संपली आहे. ज्यांचा भरणा राहिला असेल त्यांनी दि. २५ पर्यंत करावा. रक्कम पाठविताना सदनिका क्रमांक अवश्य लिहावा. भरणा केला असूनही पावती मिळाली नसल्यास कार्यालयास कळवावे. आम्ही नोंद तपासू.” शेवटच्या वाक्याने दोन दिवसांत उचंत खात्यातील तिन्ही रकमांचे धनी सापडले.

ज्यांचे खरोखर येणे होते, त्यांना स्वतंत्र बंद पाकिटात पत्र दिले. त्यात आकडे उलगडून लिहिले: मुद्दल ९,००० रुपये, आमच्या उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ या कमाल दराने दोन महिन्यांचे सरळव्याज ३१५ रुपये, एकूण ९,३१५ रुपये. व्याजावर व्याज नाही, हेही नमूद केले. व्याज कसे आले हे दिसले की वाद निम्मा होतो. तरीही कोणी भरलेच नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-२९ अन्वये निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. तो मार्ग असताना पाणी तोडण्याची धमकी देण्याचे कारण नाही. गटावरील पाटी ही आठवण असते. वसुलीच्या अर्जास आधार लागतो तो लेखी मागणीचा आणि पोचपावतीचा.

नियमांच्या तीन पाट्या आम्ही तूर्त मागे ठेवल्या. पाण्याच्या दिवशी पादत्राणांविषयी कोणी वाचत नाही.

राहिली शेठजींची गोष्ट. चुकीची यादी ज्या गटावर गेली होती, त्याच गटावर सचिवांनी लिहिले: “काल प्रसिद्ध झालेली यादी आमच्या नोंदीतील चुकीमुळे सदोष होती, ती मागे घेत आहोत. संबंधित सदस्यांची क्षमा मागतो.” त्यांनी क्रमांक पुन्हा लिहिला नाही. पावती मात्र ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. शेठजींनी ती दोनदा वाचली, घडी घालून पेढीच्या वहीत ठेवली आणि सचिवांना बसावयास सांगितले.