दूध सोसत नाही, म्हणून दही का सोडावे?

दूध प्यायल्यावर पोट फुगते आणि जुलाब होतात, तेव्हा दूध, दही, ताक सारेच कायमचे बंद करावे, हा सल्ला या आठवड्यात कुंडल परिसरात पुन्हा ऐकू आला आणि त्याच्या जोडीला महागडे ए-टू दूध घेण्याची शिफारसही आलीच. ए-टू दुधाचे वेगळेपण त्यातील केसीन या प्रथिनात असते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यातही नेहमीच्या दुधाइतकीच असते. लॅक्टोजमुळे होणारा त्रास ते दूध घेऊन थांबणार नाही.

लॅक्टोजचे विघटन लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर करते, आणि बालपणानंतर ते जगातील बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तेथे पाणी ओढून घेते आणि जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात; फुगणारे पोट आणि पातळ शौच ही त्याचीच लक्षणे होत. तथापि येथे मात्रा निर्णायक असते. कुस्तीच्या मैदानासाठी ओळखल्या जाणाऱ्या कुंडलमध्ये तालमीतला तरुण रात्री अर्धा लिटर दूध एका दमात पितो, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे 25 ग्रॅम लॅक्टोज जाते, आणि रुग्णालयात श्वासातील हायड्रोजन मोजून लॅक्टोज न पचण्याची तपासणी करताना जी मात्रा अनेकदा दिली जाते, तीही 25 ग्रॅमच असते. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पाव लिटर दुधातील लॅक्टोज, विशेषतः जेवणासोबत, फारसा त्रास न होता चालते.

त्यामुळे संशय आल्यास चाचणी पद्धतशीर असावी. दोन आठवडे दूध, दुधाचा चहा, पेढे, बासुंदी, आइस्क्रीम, दुधाची पावडर आणि व्यायामशाळेतली व्हे पावडर बंद ठेवावी, दही-ताकही थांबवावे, मात्र त्याच वेळी गहू किंवा तिखट सोडू नये, कारण मग नेमके कारण कळत नाही. त्रास कमी झाला, तर प्रथम जेवणासोबत वाटीभर दही, दोन-तीन दिवसांनी 100 मिलिलिटर दूध आणि नंतर 200 मिलिलिटर, अशी चढती मात्रा घेऊन आपली मर्यादा शोधावी. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर दोष लॅक्टोजचा नसण्याची शक्यता अधिक असते. जुलाबाच्या साथीनंतर आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे दूध काही आठवडे सोसत नाही, पण अस्तर भरून येताच ते पुन्हा पचू लागते. शौचातून रक्त, ताप, वजनात घट किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. दूध पिताच अंगावर गांधी उठणे किंवा धाप लागणे ही ॲलर्जी होय, आणि तिच्यात ही चढती मात्रा घरी घेणे धोक्याचे असते. लहान मुलांचे दूध डॉक्टरांना विचारल्याविना तोडू नये.

या सर्वांत बोलकी तुलना एकाच भांड्यातील दुधाची आणि त्याच दुधाला विरजण लावून झालेल्या दह्याची आहे. विरजणातील जिवाणू रात्रभरात लॅक्टोजचा एक भाग खाऊन त्याचे आम्ल करतात, पण बरेच लॅक्टोज दह्यात उरतेच. तरीही दूध न सोसणाऱ्या अनेकांना ते दही सोसते, कारण त्या जिवाणूंच्या पेशींत लॅक्टोज फोडणारे विकर असते, ते पोटात गेल्यावरही काम करत राहते, आणि घट्ट दही जठरातून आतड्याकडे सावकाश सरकते, त्यामुळे साखर एकदम लोटत नाही. हा लाभ जिवाणू जिवंत असण्यावर अवलंबून आहे, म्हणून तेच दही उकळून केलेल्या कढीत तो बराचसा संपतो. पातळ ताकाच्या पेल्यात पाणी अधिक असल्याने लॅक्टोज आणखी कमी येते. चक्क्यातील बरेच लॅक्टोज गाळलेल्या पाण्याबरोबर जाते, पण त्या पाण्याबरोबर कॅल्शियमचाही काही भाग निघून जातो. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते, तसेच कॅल्शियमही नसते.

कॅल्शियमची गरज भारतीय शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम आहे. 100 ग्रॅम दुधात किंवा दह्यात ते साधारण 120 मिलिग्रॅम असते, तर 100 ग्रॅम नाचणीत 350च्या आसपास, त्यामुळे दोन वाट्या दही आणि दोन नाचणीच्या भाकऱ्या यांतून गरजेचा निम्म्याहून अधिक भाग निघतो. उरलेला भाग शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि न सोललेल्या तिळाची चटणी भरून काढण्यास मदत करतात. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झलेटशी बांधलेले असल्याने शरीराला फार थोडे मिळते.

अर्धा लिटर दूध सोसत नाही, एवढ्यावरून पाव लिटर किंवा वाटीभर दही सोसणार नाही, असे ठरत नाही. म्हणून दूध कायमचे सोडण्याआधी प्रत्येकाने आपली मात्रा तपासावी, आणि दह्याची वाटी तर कारण सिद्ध झाल्याविना ताटातून कायमची काढूच नये.