‘तरीही’ या शब्दाविरुद्ध

शोधनिबंधाच्या शेवटाकडे ‘अभ्यासाच्या मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो. वाराणसीत राहून मी अनुवादाबरोबर शोधनिबंधांच्या भाषेवर हात फिरवण्याचं कामही करते. हा परिच्छेद बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला माझ्यापुढे येतो: नमुना लहान होता, अभ्यास एकाच केंद्रावर झाला, माहिती लोकांच्या आठवणीवर अवलंबून होती, तरीही हा अभ्यास मोलाची भर घालतो. माझं भांडण या ‘तरीही’शी आहे. त्याच्या अलीकडे जे कबूल केलं, त्यामुळे पलीकडचा एक शब्दही बदललेला नसतो. दक्षिणा ठेवली, पाप फिटलं, निष्कर्ष जसेच्या तसे.

मार्गदर्शक सांगतात, मर्यादा कमी लिहा, परीक्षक त्याच धरून बसतात. घाबरलेला विद्यार्थी उलट टोक गाठतो आणि मुलाखती उन्हाळ्यात घेतल्या इथपर्यंत चौदा दोष मोजून दाखवतो. दोघांची चूक एकच आहे. कोणती उणीव कोणत्या विधानाला लागू होते, हे दोघंही सांगत नाहीत.

याची किंमत काय पडते, हे आमच्या गावानेच पाहिलं. मे २०२४ मध्ये काशी हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा कोव्हॅक्सिनवरचा निबंध ‘ड्रग सेफ्टी’ या नियतकालिकात आला. १,०२४ जणांची नोंदणी झाली होती. वर्षभरानंतर ६३५ किशोरवयीन आणि २९१ प्रौढ, म्हणजे ९२६ जणांशी संपर्क होऊ शकला. किशोरवयीनांपैकी ४७.९ टक्क्यांनी आणि प्रौढांपैकी ४२.६ टक्क्यांनी वरच्या श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये ‘विशेष लक्ष ठेवण्याजोग्या प्रतिकूल घटना’ नोंदल्या गेल्या. आकडे सारांशातून निघाले आणि थेट मथळ्यांत जाऊन बसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जाहीर आक्षेप घेतले: लस न घेतलेल्यांचा तुलनागट नाही, लसीविना या घटना समाजात किती घडतात त्याचे दर नाहीत, लसीआधीच्या प्रकृतीची माहिती नाही, वर्षभरानंतर फोनवर मिळालेली उत्तरं वैद्यकीय कागदपत्रांशी पडताळलेली नाहीत. लस बनवणारी कंपनी मानहानीचा दावा घेऊन न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला.

अनुवादक म्हणून मला पहिली ठेच लागली ती ‘घटना’ या शब्दाशी. वैद्यकाच्या परिभाषेत ‘प्रतिकूल घटना’ म्हणजे लस घेतल्यानंतर घडलेलं काहीही. ते लसीमुळे घडलं असा दावा त्यात नाही. मराठी आणि हिंदी बातम्यांत त्याचा ‘दुष्परिणाम’ झाला, आणि त्या एका शब्दात कार्यकारणभाव फुकट आत शिरला. पण सगळा दोष बातमीदारांवर ढकलून मी मोकळी होणार नाही. आकडा पुढच्या पानावर आणि त्याचा लगाम मागच्या पानावर अशी मांडणी असेल, तर घोडा सुटणारच.

हा निबंध माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं? पहिला आक्षेप घेऊ. ‘तुलनागट नव्हता’ एवढं लिहिणं खरं आहे, पण निरुपयोगी आहे. मी लिहिलं असतं: ‘लस न घेतलेल्या समवयस्कांचा गट नसल्यामुळे, या श्वसनसंसर्गांपैकी किती लसीविनाही झाले असते हे इथून सांगता येत नाही, ४७.९ टक्के हा आकडा तक्रारी किती आढळल्या एवढंच सांगतो, त्यांचं कारण सांगत नाही.’ शाळकरी वयाच्या निम्म्या मुलांना वर्षातून एकदा सर्दी-खोकला होणं ही बातमी नाही, हे कोणतीही आई सांगेल. आणि हे वाक्य मागे नको, सारांशात त्या आकड्याला खेटून हवं.

दुसरा मुद्दा फोनचा. ‘स्मरणदोष संभवतो’ हे साच्यातलं वाक्य. दोष कुठल्या बाजूला झुकतो? वर्षापूर्वीचं किरकोळ दुखणं विसरलं जातं, म्हणून सौम्य तक्रारी खऱ्यापेक्षा कमी मोजल्या गेल्या असतील. उलट लसीविषयी भीतीच्या गोष्टी ऐकलेला माणूस आधीचंच दुखणं लसीनंतरचं म्हणून सांगू शकतो, म्हणजे तिथे मोजणी फुगेल. दोन्ही दिशा लिहिल्या की वाचकाला आकडा कुठे वर आणि कुठे खाली वाचायचा ते कळतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचं प्रमाण ०.१ टक्के दिलं होतं. ९२६ जणांत ०.१ टक्के म्हणजे एक माणूस. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. तेव्हा ९२६ जणांत एकही सापडू नये, ही अपेक्षा. मग हा एक योगायोग की इशारा? एका रुग्णावरून ठरत नाही: संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने खरा दर लाखात तीनपासून सहाशेपर्यंत कुठेही असू शकतो. टक्केवारी ही व्याप्ती झाकते. ‘९२६ पैकी १, निदान कागदपत्रांवरून पडताळलेलं नाही’ असं लिहिलं की ती झाकायला जागा उरत नाही. त्याच वेळी तो माणूसही पुसला जात नाही.

एवढं लिहिल्यावर उरतं काय, असं मला नेहमी विचारलं जातं. पुष्कळ उरतं. नोंदलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांपर्यंत वर्षानंतर पोचणं ही लहान गोष्ट नाही. किशोरवयीनांना इतक्या काळानंतर कुणी काही विचारलं, हेही कमी नाही. पुढच्या तुलनात्मक अभ्यासात कोणत्या तक्रारी मोजायच्या, याची यादी इथे होती. ही किंमत निबंधाने आपल्या तोंडाने, नेमक्या शब्दांत सांगावी. ‘तरीही मोलाची भर’ म्हणून वाचकापुढे हात पसरू नये.

संपादनाने सगळं सुधारतं, असा माझा दावा नाही. एखादी उणीव मुख्य निष्कर्षच उभा राहू देत नसेल, तर ती मर्यादा नाही, आराखड्यातला दोष आहे, आणि तिथे निष्कर्षच बदलायला हवा. हे ओळखायची माझी रीत साधी आहे. मर्यादांचा परिच्छेद झाकून निष्कर्ष वाचते, मग उघडून पुन्हा वाचते. दोन्ही वेळा निष्कर्ष तितक्याच ठाम आवाजात बोलत असेल, तर तो परिच्छेद शोभेचा आहे.

न्यायालयाचा धसका मात्र या शहरातल्या तरुण संशोधकांनी भलताच घेतला आहे. एका विदर्भातल्या मुलाने परवा मला सांगितलं, ‘ताई, हे वाक्य काढूनच टाकू ना, उगाच आपल्याच विरुद्ध पुरावा.’ त्याच्या अभ्यासात तीन वस्त्यांपैकी एकीतल्या निम्म्या घरांनी दार उघडलं नव्हतं. मी म्हटलं, वाक्य काढलंस तर दारं उघडतील का? मग त्याने अडचण सांगितली की सारांशाला अडीचशे शब्दांची मर्यादा आहे, एकही शब्द वाढवता येत नाही. आम्ही सारांश वाचला. पहिली दोन वाक्यं स्वच्छ पाणी मानवी जीवनात किती आवश्यक आहे, याबद्दल होती. ती काढली, आणि बंद दारांना जागा झाली.