तक्रार आधी, कारवाई नंतर

देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर परवा स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी तीन मुले सनावळी घोकताना दिसली. ज्या परभणीने निजामी राजवट सोसली, तिथल्या मुलांना हैदराबाद मुक्तिसंग्राम केवळ तारखांच्या माळेच्या रूपात भेटावा, याचा मला राग आला. दोष मुलांचा नाही. ‘सन पाठ करा, क्रम आपोआप लागेल’ असे सांगणाऱ्या अध्यापनाचा आहे.

त्यांच्यापुढे असलेला प्रश्न पाहा. योग्य क्रम लावा: (अ) क. मा. मुन्शी भारताचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेत येतात. (ब) निजाम स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढतो. (क) हैदराबाद संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करते. (ड) जैसे थे करार होतो. (ई) पोलीस कारवाई.

‘ब’ प्रथम येते. इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपणार हे ठरले, म्हणूनच जून 1947 मध्ये ते फर्मान निघू शकले. निजाम विलीन होत नव्हता आणि इंग्रज तर गेले होते. मग दळणवळण, संरक्षण हे व्यवहार कोणत्या आधारावर चालणार? या पोकळीतून 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार जन्मला. दोन्ही बाजूंनी परस्परांकडे एजंट नेमावा, हे कलम त्याच करारात आहे. म्हणजे मुन्शींचे पदच कराराचे अपत्य. ते कराराआधी येणे अशक्य. ते जानेवारी 1948 मध्ये आले. येथवर एकही तारीख पाठ नसली, तरी ब, ड, अ हा क्रम हलत नाही.

खरी चूक पुढे होते. तिघांनीही ‘ई’ आधी आणि ‘क’ नंतर लिहिले. युक्तिवाद सरळ होता: मार बसल्यावर माणूस तक्रार करतो. परंतु हे कारण नव्हे, केवळ आपली कल्पना आहे. तक्रार कशाविरुद्ध होती, हे विचारायला हवे होते. तिच्यात आर्थिक नाकेबंदीचे आणि संभाव्य आक्रमणाचे गाऱ्हाणे होते. जे संभाव्य आहे, ते अजून घडलेले नसते! तक्रारीचे पत्र 21 ऑगस्ट 1948 चे; कारवाई 13 सप्टेंबरला सुरू झाली आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. सुरक्षा परिषदेत विषय निघाला तो 16 सप्टेंबरला, कारवाई चालू असताना. गोंधळ इथूनच होतो. तक्रार दाखल होणे आणि तिच्यावर चर्चा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. उत्तर: ब, ड, अ, क, ई.

‘हिच्यामुळे ती घडली असेल’ हा अंदाज आणि ‘हिच्याशिवाय ती घडूच शकत नाही’ हा पुरावा, यांतला भेद शिकवणीवर्गांत क्वचितच सांगितला जातो. जिनांचे निधन 11 सप्टेंबरचे. प्रश्नात ते पोलीस कारवाईशेजारी ठेवले, तर दोहोंत असे अनिवार्य नाते नसल्याने तर्क थांबतो. तिथे मात्र तारीख पाठच हवी.