वर्गातून : कासव पडले, हा बोध नव्हे

तिसरी-चौथीच्या मराठीच्या पेपरात गोष्टीखालचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ मूल लिहिते, ‘जास्त बोलू नये’, आणि पूर्ण गुण घेते. या गुणांवर माझा भरवसा नाही. तात्पर्य गोष्टीखाली छापलेलेच असते. बाई ते फळ्यावर लिहून देतात, मूल पाठ करते. गोष्ट न वाचताही हे गुण मिळतात.

हंस आणि कासवाची गोष्ट घ्या. वर्गात ती एवढीच सांगावी:

तळे आटले. दोन हंसांनी एक काठी दोन टोकांना चोचीत धरली आणि कासवाला मध्ये दातओठ आवळून धरायला सांगितले. ‘काही झाले तरी तोंड उघडू नकोस,’ त्यांनी बजावले. तिघे उडाले. खाली गावातली पोरे ओरडली, ‘अरे, बघा, कासव काठीला लोंबकळतंय!’ कासवाला राग आला. ‘तुम्हांला काय करायचंय?’ असे म्हणायला त्याने तोंड उघडले आणि ते खाली पडले.

पुस्तकात हिचे नाव बहुधा ‘बडबडे कासव’ असते. ते नाव झाका, कारण निकाल त्यातच देऊन टाकलेला आहे.

आता घटनांचे प्रश्न. हंसांनी काय बजावले? पोरे ओरडली तेव्हा कासव कुठे होते? अशा प्रश्नाची खूण सोपी: उत्तराच्या ओळीवर मुलाला बोट ठेवता आले पाहिजे. ‘कासव का पडले?’ इथे मात्र गडबड होते. अर्धा वर्ग सांगतो, ‘बडबडे होते म्हणून.’ त्यांना विचारावे, ही ओळ कुठे आहे? कुठेच नाही. कासव या गोष्टीत एकच वाक्य बोलायला जाते. तोंड उघडले म्हणून काठी सुटली, राग आला म्हणून तोंड उघडले, आणि पोरांनी डिवचले म्हणून राग आला. ही साखळी मुलांकडून उलटी सोडवून घ्यावी आणि तेवढा वेळ बोधाचे नावही काढू नये.

बोधासाठी ‘तात्पर्य लिहा’ न म्हणता तीन प्रसंग द्यावेत आणि विचारावे, यांतला कोणता आपल्या गोष्टीसारखा?

(अ) आंब्यावर चढलेल्या मुलाची फांदी मोडली आणि तो पडला.
(आ) दुकानातून आणलेले सुटे पैसे मोजताना भावाने चिडवले. त्याच्याशी भांडता भांडता ताईची मोजणी चुकली.
(इ) वर्गात शेजाऱ्याशी गप्पा मारल्या म्हणून बाई रागावल्या.

‘अ’ निवडणारे मूल पडण्याला धरून बसलेले असते, म्हणजे ते अजून घटनेतच आहे. ‘इ’ निवडणाऱ्याने तात्पर्य पाठ केलेले असते. ‘आ’मध्ये ना कासव, ना आकाश, ना पडणे, तरी चिडवणाऱ्याला उत्तर देण्याच्या नादात हातातले काम बिघडणे तेच आहे. ते ओळखणाऱ्या मुलाने बोध घटनेपासून वेगळा काढला. मग त्यालाच तो एका वाक्यात सांगू द्यावा. अट एकच: वाक्यात कासव, हंस किंवा काठी येता कामा नये.

आणि एखादी मुलगी म्हणाली, ‘मित्रांचे हिताचे सांगणे ऐकावे’, तर? उत्तरसूचीत ते नसेल, म्हणून फुली मारू नका. पंचतंत्रात टिटवी ही गोष्ट नवऱ्याला सांगते ती नेमकी याच कारणासाठी: हितचिंतक मित्रांचे न ऐकणारा नाश पावतो. पाली जातककथांमध्ये कासव राजवाड्याच्या अंगणात पडते आणि अमात्य झालेला बोधिसत्त्व तेच उदाहरण एका बडबड्या राजाला देतो, म्हणून तिथे बोध अति बोलण्याचा होतो. पडणे दोन्हीकडे सारखेच. पण सांगणारा वेगळा, ऐकणारा वेगळा, म्हणून बोध वेगळा. ‘एका गोष्टीला एकच तात्पर्य’ ही सवय पेपर तपासण्याच्या सोयीतून आली आहे, गोष्टींतून नाही.

मात्र वाटेल तो बोध चालतो असेही नाही. ‘उंचावर जाऊ नये’ असे लिहिणाऱ्याला विचारा, हंस का नाही पडले? तो स्वतःच उत्तर खोडतो. आणि ‘जास्त बोलू नये’ म्हणणाऱ्याला गोष्टीतला आधार मागा. आम्ही सांगितलेल्या गोष्टीत तो त्याला सापडणार नाही. राजाची गोष्ट सांगितली तर लगेच सापडेल.

पेपर काढणाऱ्या शिक्षकांना विनंती: पुढच्या घटक चाचणीत ‘तात्पर्य लिहा’ हा प्रश्न गाळा. त्या गुणांत असे तीन प्रसंग द्या आणि ‘हाच का निवडलास?’ याच्या उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या सोडा.